लाइट गेली की ऑक्सिजन मशीन बंद पडतं: भाड्याच्या घरातला बॅकअप कसा तपासायचा

मी पिंपरी-चिंचवड भागात इन्व्हर्टर-बॅटरीची कामं करतो. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, आणि तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "आम्ही भाड्याने राहतो, वडिलांना घरी ऑक्सिजन लावलाय, मशीन इन्व्हर्टरवर चालेल का? घरमालकाचा इन्व्हर्टर आहे, पण लाइट गेली की मशीन बोंबलतं." उत्तर आधीच सांगतो. चालतं. भाड्याच्या घरातही भिंत न फोडता चालवता येतं. पण इन्व्हर्टर हा बॅकअपचा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा म्हणजे भरलेला सिलिंडर. तो का, हे पुढे हिशोबात येईलच.

खाली घरात वापरतात ते पाच लिटरचं, म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं मशीन धरलं आहे. दहा लिटरचं असेल तिथे वेगळं सांगतो.

लक्षणं

आपल्या घरी यांतलं नेमकं काय होतं ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

- लाइट गेल्यावर घरातले दिवे-पंखे चालू राहतात, पण मशीन पूर्ण बंद होऊन सलग बीप वाजत राहतो.
- मशीन क्षणभर बंद पडून परत सुरू होतं, किंवा बटण दाबून परत सुरू करावं लागतं.
- चालू मशीन इन्व्हर्टरवर टिकतं, पण बंद करून परत लावलं की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो.
- सगळं सुरळीत चालतं, पण दुकानदाराने सांगितलेल्या पाच तासांऐवजी पाऊण-एक तासात बॅटरी संपते.
- इन्व्हर्टरवर मशीनचा आवाज बदलतो, घुरघुर येते, बॉडी नेहमीपेक्षा जास्त तापते.
- लाइट असतानाही मशीनवर पिवळा दिवा लागतो.

शेवटचं लक्षण बहुतेक वेळा बॅकअपचं नसतं. पिवळा दिवा म्हणजे ऑक्सिजनची शुद्धता घटली असावी. हे मशीन खोलीतली हवा ओढतं, कॉम्प्रेसरने दाबून झिओलाइटच्या खड्यांतून सोडतं, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन बाहेर येतो. हवेची वाट अडली की हे सगळं बिघडतं. मागची किंवा बाजूची जाळीदार फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून लावा, मशीन भिंतीपासून आणि पडद्यापासून वीतभर तरी लांब ठेवा. तरी दिवा गेला नाही तर मशीनवाल्याला बोलवा. इन्व्हर्टर बदलून हा दिवा जाणार नाही.

हात लावण्याआधी

पुढच्या तपासण्यांमध्ये मशीन मुद्दाम बंद पाडायचं आहे. रुग्ण त्याच मशीनवर असताना हे करू नका. भरलेला सिलिंडर, फ्लोमीटर आणि तो उघडायची चावी आधी घरात आणा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लिटरवरच रुग्णाला सिलिंडरवर घ्या, ऑक्सिमीटर बोटाला लावा आणि घरातल्या एका माणसाला फक्त रुग्णाजवळ बसवा. सिलिंडर नसेल तर तपासणी करू नका, आधी तो भाड्याने आणा. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्ट चालू असतानाच आणून ठेवा. लाइट गेल्यावर सिलिंडर जिन्याने चढवणं म्हणजे काय असतं हे आणणाऱ्याला विचारा.

मशीनची गोल खुंटी फिरवून लिटर कमी-जास्त करणं हा बॅटरी वाचवायचा उपाय नाही. एक तर ते औषधाचं प्रमाण आहे. फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत ऑक्सिजन जास्त झाला तरी अपाय होतो. आणि दुसरं, त्याने बॅटरी वाचतही नाही. नेहमीच्या मशीनचा कॉम्प्रेसर एकावर ठेवा की पाचावर, जवळपास तेवढीच वीज खातो.

१. मशीनची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का?

खर्च शून्य, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपतात. फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर बसवताना घरमालकाने वायरमनला सांगितलेलं असतं, "दिवे आणि पंखे घे." त्यामुळे बेडरूमचा पंखा इन्व्हर्टरवर असतो, पण त्याच बोर्डातलं सॉकेट थेट मेनवर असतं. एकाच बोर्डात दोन वेगळ्या लाइन असू शकतात हे लोकांच्या लक्षात येत नाही.

त्या सॉकेटला मोबाइल चार्जर किंवा टेबल लॅम्प लावा आणि मेनचा एमसीबी खाली करा. लॅम्प विझला तर ते सॉकेट इन्व्हर्टरवर नाही. मशीनचा दोष नाही, इन्व्हर्टरचाही नाही. अशी सॉकेटं हॉलपासून शेवटच्या खोलीपर्यंत तपासा आणि चालणाऱ्या सॉकेटवर चिकटपट्टीची खूण करा.

हॉलमधलंच एखादं सॉकेट चालू निघालं तर लोक लगेच एक्स्टेन्शन बोर्ड ओढतात. तसं करू नका. स्वस्त एक्स्टेन्शनची वायर बारीक असते, पिन सैल बसते, आणि दिवसरात्र चालणाऱ्या कॉम्प्रेसरवर ती तापते. त्याच बोर्डात मग टीव्ही आणि वायफायही येतं. वायर लांबवण्याऐवजी ऑक्सिजनची नळी लांबवा. मशीन हॉलमध्ये चालू सॉकेटजवळ ठेवा आणि बेडरूमपर्यंत ऑक्सिजनचीच न मुडपणारी लांब नळी न्या. बऱ्याच मशीनना सुमारे पंधरा मीटरपर्यंत नळी चालते. आपल्या मशीनची मर्यादा पुस्तिकेत पाहा आणि तेवढीच ठेवा. नळी भिंतीकडेने न्या, दाराखाली चेंगरू देऊ नका. वर आणखी एक फायदा: रात्रभर उशाशी होणारी घरघर हॉलमध्ये जाते.

हॉलमध्ये देवघर असेल तर मात्र थांबा. मशीन, नळी आणि रुग्णाच्या जवळपास समई, निरांजन, उदबत्ती, कापूर काही नको. स्वयंपाकाचा गॅसही तीनेक मीटर लांब हवा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीचा भडका करतो आणि चादर-कपड्यांत मुरून राहतो. मशीन ठेवायचं तर देवाची जागा काही दिवस हलवावी लागते, आणि हे आजींना समजावणं वायरिंगपेक्षा अवघड जातं.

२. इन्व्हर्टरच्या पाठीवरचं बटण आणि स्टिकर

बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला मागे एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला ईको किंवा नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं की मेनमधून बॅटरीवर जायला इतका कमी वेळ लागतो की कॉम्प्युटरही बंद पडत नाही. ईकोवर हे अंतर वाढतं. डोळ्यांना दिवा फक्त लुकलुकलेला दिसतो, पण मशीनच्या आतल्या कंट्रोल कार्डाला ती लाइट गेल्यासारखीच असते. "मशीन बंद पडून परत सुरू होतं" या तक्रारीवर पहिला उपाय हे बटण.

मशीन असं आपोआप बंद-चालू झालं तर रुग्णाला लगेच पूर्ण शुद्ध ऑक्सिजन मिळत नाही. खडे पुन्हा कामाला लागायला काही मिनिटं जातात. दिवसातून चार वेळा लाइट लपंडाव खेळली तर दर वेळी हे होतं. म्हणून बटणाचं महत्त्व.

यूपीएस मोडची एक खोच आहे. या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची मेन स्वीकारत नाही, लगेच बॅटरीवर जातो. तुमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर घरात लाइट असूनही बॅटरी रिकामी होत राहते, आणि रात्री खरंच लाइट गेली की दहा मिनिटांत सगळं बंद. डिस्प्ले असलेला इन्व्हर्टर असेल तर संध्याकाळी सात ते दहा त्यावरचा आकडा पाहत राहा.

स्टिकरवर "साइन वेव्ह" लिहिलंय की "स्क्वेअर वेव्ह" हेही पाहा. जुने स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे असतात. त्यावर दिवा-पंखा चालतो, कॉम्प्रेसर मात्र घुरघुरतो, जास्त तापतो, आणि कंट्रोल कार्ड कधी कधी उगाच अलार्म देतं. घरमालकाचा स्क्वेअर वेव्ह असेल तर पुढची तपासणी त्यावर करण्यात अर्थ नाही. मशीनसाठी स्वतंत्र साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा लागेल.

३. बाकीचं सगळं बंद करून पाहा

मशीनच्या मागे वॅट लिहिलेले असतात. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट, दहा लिटरचं ६०० च्या आसपास. जुना छताचा पंखा ७५ वॅट, टीव्ही १०० पर्यंत. ७०० व्हीएचा इन्व्हर्टर प्रत्यक्षात साडेपाचशे-सहाशे वॅटच देतो. मशीन, दोन पंखे आणि टीव्ही झाले की तो भरला. फ्रिज चुकून त्या लाइनवर असेल तर विचारायलाच नको.

कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. म्हणून "चालू मशीन टिकतं, पण बंद करून परत लावलं की ओव्हरलोड" हे लक्षण दिसतं. आधी दोन-तीन मिनिटं थांबा, आतला दाब उतरू द्या, बाकी सगळं बंद करा आणि मग फक्त मशीन लावा. आता सुरू झालं तर लोड कमी ठेवूनच चालवायचं. तरी सुरू झालं नाही तर इन्व्हर्टर लहान आहे. पाच लिटरला मी ९०० व्हीएच्या खाली जात नाही, ११०० मिळाला तर बरा. दहा लिटरला दोन बॅटऱ्यांचा, दीड हजार व्हीएच्या वरचाच.

४. बॅटरी: लेबलावरचे तास आणि खरे तास

इथे थोडा वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं. दुकानात हिशोब असा सांगतात: १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास, भागिले ३५०, झाले पाच तास. हा हिशोब दोन ठिकाणी घसरतो.

पहिलं, इन्व्हर्टर स्वतः वीज खातो. मशीनला ३५० वॅट द्यायला बॅटरीतून साधारण ४४० वॅट निघतात, म्हणजे बारा व्होल्टवर जवळपास ३६ अँपिअर. दुसरं, १५० हा आकडा वीस तास सावकाश, साडेसात अँपिअरने वापरलं तरचा आहे. छत्तीस अँपिअरने ओढलं तर तीच नवी बॅटरी शंभराच्या आसपासच देते. शंभर भागिले छत्तीस, म्हणजे अडीच-पावणेतीन तास. हे नव्या बॅटरीचं. चार वर्षांच्या बॅटरीचा तास भरला तरी नशीब. दहा लिटरच्या मशीनला नवी एक बॅटरी सव्वा तासाच्या आसपास पुरते.

दोन बॅटऱ्यांचा चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला की तास दुपटीहून जास्त होतात, कारण प्रत्येक बॅटरीवरचा ताण अर्धा होतो. पाच लिटरच्या मशीनला नव्या जोडीवर सहा तास धरायला हरकत नाही.

असलेल्या बॅटरीचं बघायचं तर आधी पाणी. सगळ्या झाकणांवरचे निर्देशक पाहा, खाली असतील तर फक्त डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत टाका. नळाचं नाही, आरओचंही नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर इन्व्हर्टर बंद करून, पिन काढून, अंगठ्या-बांगड्या उतरवून ती पुसा, नट घट्ट करा आणि पेट्रोलियम जेली लावा. सैल टर्मिनलमुळे बॅटरी चांगली असूनही इन्व्हर्टर "बॅटरी लो" दाखवतो. ती जेलीची डबी मात्र रुग्णाच्या खोलीत नेऊ नका. ऑक्सिजनने नाक-ओठ कोरडे पडतात म्हणून लोक तीच लावतात, आणि तेलकट पदार्थ व ऑक्सिजन एकत्र नको. डॉक्टरांना विचारून पाण्यावर आधारलेलं जेल घ्या.

मग खरी परीक्षा. बॅटरी आदल्या दिवसापासून पूर्ण चार्ज, रुग्ण सिलिंडरवर, इन्व्हर्टरवर फक्त मशीन आणि रात्री जो एक पंखा लागतो तो. मेन बंद करा, घड्याळ लावा. लो-बॅटरीचा बीप आला की थांबा, पूर्ण रिकामी करू नका. जी मिनिटं मिळाली ती कागदावर लिहून इन्व्हर्टरवर चिकटवा. तोच तुमचा आकडा, लेबलावरचा विसरा. दर तीन महिन्यांनी पुन्हा.

आणि एक: रिकामी झालेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. सकाळी गेलेली लाइट दुपारी आली आणि संध्याकाळी पुन्हा गेली, तर कागदावरचे तास तुमच्याकडे नसतात.

५. सिलिंडरचा हिशोब

इन्व्हर्टरवर मशीन किती लिटरवर आहे याने फरक पडत नाही. सिलिंडरवर फक्त त्यानेच फरक पडतो. बॅकअपवर पैसे कुठे घालायचे हे यावरून ठरतं.

घरी आणतात त्या बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. दोन लिटरने चालवला तर तो बारा तासांवर जातो, पाच लिटरने पाच तास. गेजवरून अंदाज काढायचा तर या सिलिंडरला किलोच्या आकड्याला दहाने गुणा: १५० किलो म्हणजे १५०० लिटर, ७५ म्हणजे ७५०. वीसच्या खाली गेला की तो संपला असं समजून बदलायला काढा.

म्हणजे दोन लिटरच्या रुग्णाला दुसरी बॅटरी घेण्याआधी एक सिलिंडर घ्या. चार-पाच लिटरच्या रुग्णाला बॅटऱ्यांची जोडी जास्त उपयोगी, आणि सिलिंडर शक्यतो दोन. सिलिंडर उभा ठेवून साखळीने किंवा दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. चावी त्यालाच लटकवा. मेन गेल्यावर अंधारात चावी शोधणारी घरं मी खूप पाहिली आहेत. फ्लोमीटरच्या आट्यांना तेल, ग्रीस, टेफ्लॉन काही लावू नका.

एक घर

चिखलीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके. वडिलांना फुप्फुसाचा फायब्रोसिस, पाच लिटरचं मशीन, डॉक्टरांनी दोन लिटर सांगितलेले. मशीनच्या स्टिकरवर ३५० वॅट. घरमालकाचा ८५० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर हॉलमध्ये, बॅटरी चार वर्षांची. आमच्या भागात देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात, तशी त्या गुरुवारी सकाळी लाइट गेली आणि मशीन बंद पडलं. सुनेने सिलिंडरवाल्याला फोन लावला, तो यायला दीड तास. वडिलांना खुर्चीत ताठ बसवून, खिडक्या उघडून त्यांनी तो वेळ काढला. दोन लिटरची गरज होती म्हणून निभावलं.

बेडरूमचं सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हतंच. मुलाने हॉलमधून एक्स्टेन्शन ओढलं, तर त्यावर टीव्ही आणि वायफाय आधीपासून, घरात दोन पंखे चालू. पुढच्या वेळी ओव्हरलोड. मी गेलो तेव्हा मशीन हॉलमध्ये इन्व्हर्टरशेजारच्या सॉकेटवर आणलं, बेडरूमपर्यंत दहा मीटर नळी नेली. मागचं बटण ईकोवर होतं, ते यूपीएसवर केलं. बंद-चालू होणं थांबलं. बॅटरीत पाणी खाली होतं, भरलं, दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली: पन्नास मिनिटं.

मुलगा दोन बॅटऱ्यांचा नवा सेट घ्यायला तयार होता. मी नको म्हटलं. त्यांच्याकडे लाइट जास्तीत जास्त चार-पाच तास जाते. एक नवी ट्यूबुलर बॅटरी घेतली, परीक्षेत दोन तास वीस मिनिटं आली. सोबत बी टाइप सिलिंडर कायमचा भाड्याने. आता ते असं करतात: लाइट गेली की मशीन इन्व्हर्टरवर आपोआप जातं, दीड तास झाला की लो-बॅटरीची वाट न पाहता वडिलांना निवांतपणे सिलिंडरवर घेतात. उरलेली बॅटरी पंख्याला आणि दिव्याला राहते.

घरमालकाला काय सांगायचं

मशीन आणि सिलिंडर ठेवायला बहुतेक घरमालक नाही म्हणत नाहीत. त्यांना तीन गोष्टींची धास्ती असते: बॅटरीच्या ॲसिडने फरशी खराब होणं, वायरिंग तोडणं आणि वीजबिल. म्हणून तोंडी न सांगता व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, पुढे कराराच्या नूतनीकरणाला तोच पुरावा राहतो. असं काहीतरी:

"काका, बाबांना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन सांगितला आहे. मशीन ३५० वॅटचं आहे, म्हणजे छोट्या मिक्सरएवढा लोड. तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली आहे. आमच्या खर्चाने नवी बसवतो, जाताना नेऊ. बॅटरी ट्रॉलीत ठेवू, खाली ट्रे असेल. भिंत फोडणार नाही, एक बोर्ड लागला तर केसिंग पट्टीतून बाहेरून घेऊ. एक छोटा सिलिंडर बांधून ठेवू. तुमची हरकत नाही ना, तेवढं कळवा."

त्यांना इन्व्हर्टरला हात लावायचा नसेल तर आपला वेगळा साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. त्याची पिन भिंतीच्या सॉकेटमध्ये आणि मशीन इन्व्हर्टरच्या पाठीवरच्या सॉकेटमध्ये. घराच्या वायरिंगला स्पर्शही होत नाही, घर बदललं की सोबत नेता येतो. आत लिथियम बॅटरी असलेले येतात ते महाग आहेत, पण पाणी नको, ॲसिड नको आणि एकटा माणूस हलवू शकतो. भाडेकरूला परवडत असेल तर मी तेच सुचवतो. साधी ट्यूबुलर पन्नास किलोच्या वर भरते, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात किंवा रुग्णाच्या खाटेखाली नको. पावसात भिजणाऱ्या गॅलरीतही नको.

आणखी एक काम काकांकडूनच करून घ्या. लाइट जाणार असल्याचा महावितरणचा एसएमएस त्या मीटरसाठी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो बहुधा घरमालकाचा असतो. तो लगेच पुढे पाठवायला सांगा. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहून ठेवा, १९१२ वर तक्रार करताना लागतो. सोसायटीच्या जनरेटरवर भिस्त ठेवू नका, तो बहुधा लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता असतो. गॅलरीत छोटा पेट्रोल जनरेटर लावायची कल्पनाही सोडा. त्याचा धूर घरात आला तर निरोगी माणूसही दगावतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

लाइट असताना दिवे अचानक भगभगले आणि दुसऱ्या खोलीतले मंद झाले, तर न्यूट्रल सुटला असण्याची शक्यता आहे. मेन खाली करा, मशीनची पिन काढा, रुग्णाला सिलिंडरवर घ्या आणि वायरमन येईपर्यंत मेन वर करू नका. मशीनच्या बॉडीला झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. तीन पिनांतली जाड पिन काढून वापरणं हा त्यावरचा उपाय नव्हे. सॉकेट काळं पडलंय, पिन हाताला चटका देतेय, मशीन इन्व्हर्टरवर गेलं की किंवा लाइट परत आली की आरसीसीबी पडतोय, नवी लाइन ओढायचीय: ही परवानाधारक वायरमनची कामं आहेत.

बॅटरी फुगली, सडक्या अंड्यासारखा वास आला, किंवा चार्ज होताना ती हाताला सहन होणार नाही एवढी तापली, तर इन्व्हर्टरचा स्विच आणि मेनची पिन बंद करा, खिडक्या उघडा, जवळ काही पेटवू नका, आणि बॅटरीवाल्याला बोलवा. झाकण उघडून बघायला जाऊ नका.

कॉन्सन्ट्रेटरचं मागचं कव्हर घरी कुणीही उघडायचं नाही, मीही उघडत नाही. तो मशीनवाल्याचा भाग. शुद्धता मोजायचं यंत्र त्यांच्याकडे असतं, ती वर्षातून एकदा तरी मोजून घ्या. परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेलं ११० व्होल्टचं मशीन असेल तर तेही त्यांनाच दाखवा. साध्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, साठ हर्ट्झ जुळत नाही, आणि कॉम्प्रेसर हळू चालून शुद्धता पडू शकते.

आणि ऑक्सिमीटरचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली जाऊन सिलिंडरवरही वर येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, माणूस गुंगीत जात असेल किंवा वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, तर १०८ ला फोन करा. इन्व्हर्टर नंतर बघता येईल.